हिरव्या गोलातली माणसं

घटस्फोट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संजीवनीनं स्वतःसाठी रुखवत केलं. लग्नाचं नव्हे हो, सुटल्याचं. शेगावात असं रुखवत आजवर कोणी केलं नव्हतं आणि कोणी मागितलंही नव्हतं, पण तिला कोण अडवणार? धंदाच तिचा तो. लग्नाच्या मांडवात टेबलावर मांडतात ना, नारळाचे नवरा-नवरी, सुपारीची भटजीमंडळी, साबुदाण्याची रांगोळी, ते सगळं ती करून द्यायची. इन्स्टाग्रामवर तिचं पान होतं, अकरा हजारांच्या वर माणसं ते बघायची, आणि लग्नसराईत तिला जेवायला सवड मिळायची नाही.

तर हे रुखवत. एका नारळाला काळं कापड गुंडाळून त्याचा जज्ज केलेला, खाली पांढरी कॉलर, वर कापसाच्या मिशा. त्याच्यासमोर सुपारीचे नवरा-बायको, पण एकमेकांकडे पाठ करून, दोघांची तोंडं आपापल्या दाराकडे. दारं आगपेटीची. आणि ताटाच्या काठावर रंगीत तांदळांनी लिहिलेलं : ‘आपापल्या घरी सुखी राहा’. फोटो काढला तेव्हा ती एकटीच खदाखदा हसली. चार वर्षांत असं हसली नसेल.

नवऱ्याचं नाव प्रसेनजित. संग्रामपूरच्या शेतकऱ्याच्या घरात हे नाव कुठून आलं, ते त्याच्या बापालाच ठाऊक, आणि बाप केव्हाच वर गेला. प्रसेनजित पुण्यात कंपनीत. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. नुसतं जुळलं नाही. आता हे ‘नुसतं जुळलं नाही’ आपल्याकडे कोणाला समजावून दाखवा! दारू असती तर लोकांनी मान तरी डोलावली असती. चार वर्षं दोघं वेगळे राहिले, मग संमतीनं अर्ज केला, आणि काल खामगावच्या कोर्टात मोकळे झाले. बाहेर येऊन दोघांनी उसाचा रस प्यायला. त्यानंच पाजला. लग्नात एवढ्या गोडीनं कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर नीरजा आली. नीरजा संजीवनीची लहानपणापासूनची मैत्रीण, झेडपीच्या शाळेत मास्तरीण, आणि तोंडानं फाटकी. तिनं ताट पाहिलं, जज्जाच्या मिशीला हात लावला आणि म्हणाली, “काय बाप्पा, हे तं एक नंबर झालं. मग? टाकून राह्यली का?”

“टाकतेच,” संजीवनी म्हणाली. “लिहून बी ठेवलं. पाय.”

तिनं फोन पुढे केला. पोस्ट तयार होती, फोटोखाली मजकूर होता, फक्त बटण दाबायचं बाकी. पहिली ओळ होती : ‘आज पहिल्यांदाच मी माझं स्वतःचं रुखवत केलं.’ पुढं चार परिच्छेद. चार वर्षं कशी गेली, एकटीनं धंदा कसा उभा केला, बायांनो घाबरू नका वगैरे.

नीरजानं पहिली ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. “बाई, लोकाईले सुरुवातीचीच ओळ दिसते. बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. आणि ‘आणखी’ कोण दाबते वं? माझे पोट्टे धड्याखालचा प्रश्न वाचत नाहीत. जज्ज कोणाले दिसनार नाही, नारळ दिसते, सुपारीचे नवरा-नवरी दिसतात, वरून ‘माझं स्वतःचं रुखवत’. बस! खाली लाईन लागते : अभिनंदन ताई, नवरदेव कुठले?”

संजीवनीचं तोंड उतरलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“बरं, ओळ बदलू,” ती म्हणाली. “सरळ लिहिते, माझा घटस्फोट झाला म्हणून.”

“लिही. मंग तो मजकूर तू मागून बदलू शकतेस, काढून बी टाकू शकतेस. पण तोवर ज्यानं पोस्टचा फोटो काढून ठेवला त्याच्या फोनमधून कसा काढशीन? आणि हे पाय.” नीरजानं बोटानं खाली सरकवलं. तिथं फेसबुकचं बटण निळं होऊन बसलेलं. “हे तुझं आपोआप फेसबुकवर जाते. इन्स्टावर तुझे गिऱ्हाईक. फेसबुकवर कोण?”

फेसबुकवर कोण ते दोघींना ठाऊक होतं. फेसबुकवर सासर. आख्खं सासर! दीर, जावा, चुलतसासरे, त्यांचे व्याही, आणि रोज सकाळी फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहून टाकणारे सगळे मामे. संजीवनीनं ते बटण असं बंद केलं जसं काही चटका बसला.

आता नीरजा तिला भिववत होती असं समजू नका. घटस्फोट लपवावा, असं नीरजाचं अजिबात मत नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच की, पोस्ट म्हणजे चौकातला बोर्ड. ज्याला तू कधी पाहिलं नाहीस, त्यानंही तो वाचायचा, आणि खाली येऊन तुला शहाणपण शिकवायचं. ते ऐकायची हौस असेल तर टाक. नाहीतर ज्यांच्यासोबत हसायचं आहे त्यांनाच दाखव.

“म्हणजे क्लोज फ्रेंड्स,” संजीवनी म्हणाली.

“हाव. हिरवा गोल. यादीतल्याईलेच दिसणारी स्टोरी, चोवीस तासांत आपोआप जाते. कोणी पाह्यलं ते तुले दिसते. किती जण हायत तुझ्या यादीत?”

संजीवनीनं फोन आपल्याकडे ओढला.

“बोल ना वं. दहा? पंधरा?”

संजीवनीनं यादी उघडून दाखवली. एकशे छप्पन!

नीरजा खुर्चीवर बसली. एकशे छप्पन माणसं जवळची असायला बाई काय आमदार होती? पण ती यादी कशी वाढली ते ऐका, आणि आपल्या लोकांना नमस्कार करा. सुरुवातीला दहा-बारा नावं होती. घरच्यांसाठी रुखवताचे कमी रेट असायचे, ते जगाला कळू नयेत म्हणून संजीवनी हिरव्या गोलात टाकायची. एकदा मोताळ्याच्या सिंधूताईंनी, म्हणजे संजीवनीच्या मावससासूनं, भाचीच्या फोनवर तो हिरवा गोल पाहिला. आपल्या फोनवर पाहिला तर नाही. झालं! बाई जी रुसली ती दोन महिने फोनच नाही. शेवटी संजीवनीनं तिला घातलं. सिंधूताईंना घातलं तर त्यांच्या जावेला नको? जावेला घातलं तर विहिणीला नको? कोणाचा मान राखायचा राहिला, असं व्हायला नको म्हणून संजीवनी लग्नाच्या पत्रिका वाटल्यासारखी नावं घालत गेली. यादी दुसऱ्या कोणाला दिसत नाही म्हणतात. खरं आहे, फोनमध्ये दिसत नाही. पण एका ओट्यावर चार बाया चार फोन घेऊन बसल्या की कोणाला हिरवं दिसतं आणि कोणाला नाही, याचा निकाल चहा उकळेपर्यंत लागतो.

“म्हणजे तुझा चौक परवडला,” नीरजा म्हणाली. “चौकात अनोळखी लोक तरी हायत. इथं नुसती भावकी बसली हाय. हे साफ करू पह्यले.”

“त्याईले समजन ना काढलं तं?”

“समजत नाही. काढलं म्हणून सांगत नाही कोणाले. बस.”

मग दोघींनी निवडायला घेतलं, तांदूळ निवडावेत तसं. हा कोण? मंडपवाला. काढ. ही कोण? तिच्या लग्नात मी चप्पल हरवली होती. काढ. हे गृहस्थ? आठवत नाही, पण वहिनीचे कोणी लागतात. काढ काढ! नावं उडत गेली तसा संजीवनीला चेव आला. तिला पहिल्यांदाच कळलं की माणसाला इतकं सहज कमी करता येतं, नाहीतर कालपर्यंत एका माणसासाठी कोर्टात दोनदा जावं लागलं होतं.

सिंधूताईंचं नाव आलं. “काढ,” संजीवनी म्हणाली, आणि स्वतःच दाबलं.

मग आलं सत्यभामाबाईंचं नाव. तिचा अंगठा अडकला.

सत्यभामाबाई म्हणजे प्रसेनजितची आई, संजीवनीची सासू. वऱ्हाडात म्हणतात तसं ती त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या घरात एक माणूस धड होतं, ते हे. सुपारी पाण्यात किती भिजवायची, नारळाला कपाळ कुठून धरायचं, तांदळाला रंग कसा मुरवायचा, हे सगळं संजीवनीला त्यांनी शिकवलं. संजीवनी शेगावला निघून आली तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही, रडल्या नाहीत, आपला कोरायच्या सुऱ्यांचा डबा तिच्या पिशवीत टाकला. आणि गावाला सांगत राहिल्या, “सून धंद्यासाठी शेगावले राह्यते. दोघं कामाचे. काय करता?” चार वर्षं हेच. संजीवनीला हे खोटं ठाऊक होतं आणि तिनं ते चालू दिलं, कारण त्या खोट्याच्या जोरावर दर दोन दिवसांनी फोन यायचा. सीझनला तर रोज. त्या फोनशिवाय तिचं पान हलायचं नाही.

आणि कालचं? कालचं त्यांना माहीतच नव्हतं. उसाचा रस पिताना प्रसेनजित म्हणाला होता, “आईले मी सांगतो. सवडीनं.” त्याची सवड म्हणजे काय ते संजीवनीनं लग्नात पाहिलं होतं.

“त्याईले काढ,” नीरजा हळू म्हणाली. “प्रसेनजितनं सांगेपर्यंत तरी.”

संजीवनीनं दाबलं. नाव गेलं. शेवटी नऊ नावं उरली. खरीखुरी.

ती स्टोरी टाकणार, तेवढ्यात फोन वाजला. सिंधूताई!

“काय व संजे, सकाळी तं हिरवं दिसत होतं. आता काऊन नाही दिसून राह्यलं?”

सकाळीच तिनं घरच्यांचे रेट हिरव्या गोलात टाकले होते. ती स्टोरी अजून जिवंत होती. नाव काढलं तशी सिंधूताईंच्या फोनवरून ती गायब झाली. कोणाला काढल्याचं कळत नाही म्हणे! कळत नाही, पण हातातलं ताट कोणी ओढून घेतलं तर माणूस मान वर करून बघणारच ना?

“नेटवर्क असन मावशी,” संजीवनी म्हणाली.

“नेटवर्क? माह्यासमोर लग्नाच्या पोट्टीची माय बसली हाय, तिले रेट दाखवून राह्यली होती मी. दाखवता दाखवता गेलं. बाकी सगळं दिसते, तुह्यंच दिसत नाही. काय लपवून राह्यली?”

“काही नाही हो.”

“बरं. नको सांगू. मी ताईले इचारते, तिले दिसते का म्हणून,” असं म्हणून सिंधूताईंनी फोन ठेवला. ताई म्हणजे सत्यभामाबाई. सख्खी मोठी बहीण.

आता काय होणार ते सरळ होतं. सिंधूताई फोन करणार, सत्यभामाबाई आपल्या फोनात बघणार, त्यांनाही दिसणार नाही. सुनेनं आपल्याला काढलं. का काढलं? आणि मग दोन बहिणी मिळून शोध घेणार, आणि आत्याबाईंना सगळं कळणार ते सिंधूताईंच्या तोंडून, चार बायांसमोर. मग आयुष्यात परत फोन येणार नाही.

“माहं हसणं गेलं खड्ड्यात,” ती म्हणाली. “आत्याबाईले आत्ताच सांगाले पाह्यजे.”

“सांग मग. मेसेज कर,” नीरजा म्हणाली आणि लगेच स्वतःच जीभ चावली. “पण थांब. आई त्याची हाय. त्याले न इचारता?”

बरोबर होतं. बातमी दोघांची, आई त्याची. संजीवनीनं प्रसेनजितला फोन लावला. एरवी तीनदा लावल्याशिवाय न उचलणाऱ्या माणसानं पहिल्या झटक्यात उचलला. तिनं सगळं सांगितलं.

“मी सांगितलं तं चालन का?” तिनं विचारलं.

“सांग,” तो म्हणाला. “मले नाही जमत संजीवनी. कालपासून तीनदा नंबर काढला. तू सांग, आणि सांग की मी रात्री फोन करतो.” इतका प्रामाणिक तो नांदताना असता तर! पण जाऊ द्या.

आता मेसेज. संजीवनी लिहायला लागली : ‘आत्याबाई, काल आमचा...’ आणि थांबली. कारण आत्याबाईंचा फोन त्यांच्या एकट्यांचा कुठं होता? ओट्यावर, दिव्याखाली, पाण्याच्या हंड्यापाशी, कुठंही पडलेला. मेसेज आला की स्क्रीनवर वरच्या वर दोन ओळी दिसतात, कुलूप असलं तरी. आणि आत्याबाईंना चष्मा सापडेपर्यंत शेजारीण वाचून दाखवते, मोठ्यानं, विरामचिन्हांसकट.

“बोलून पाठव,” नीरजा म्हणाली.

“त्या फोन मांडीवर ठेवून आयकतात. आवाज आख्ख्या गल्लीले. मागच्या टायमाले मी सुपारीचा भाव बोलली तं तिथल्या किराणावाल्यानं मले फोन केला, आमच्याकडून घ्या म्हणून.”

एकदाच उघडणारा फोटो? सिंधूताई समोर बसलेल्या असल्या तर एकदा पुरेसं आहे. आपोआप पुसला जाणारा मेसेज? तो पुसायच्या आधी वाचला जातो, त्यासाठीच तर असतो. नीरजा एकेक सुचवत गेली आणि संजीवनी एकेक खोडत गेली, आणि दोघींच्या लक्षात आलं की कुलूप फोनला लावून उपयोग नाही, बातमीच फोनात घालता कामा नये.

शेवटी संजीवनीनं एवढंच लिहिलं : ‘आत्याबाई, तब्येत बरी आहे माझी, काळजी नको. तुमच्याशी बोलायचं आहे. एकट्या असाल तेव्हा फोन करा. कोणी काही विचारलं तर आधी माझ्याशी बोला.’ तब्येतीचं मुद्दाम घातलं, नाहीतर म्हातारी जिवाला घोर लावून घेते. पाठवलं. आणि दोघी फोनकडे बघत बसल्या, चूल पेटली की नाही बघतात तशा. दोन निळ्या रेघा उमटल्या. मग काही नाही.

मग वाजला.

“एकटी हाय,” सत्यभामाबाई म्हणाल्या. मागं मोटरीचा आवाज येत होता. “विहिरीपाशी आली. सिंधीचा फोन येऊन गेला, मी कापून टाकला. बोल.”

संजीवनीनं सांगितलं. एका दमात. काल खामगावला, दोघांच्या मर्जीनं, भांडण नाही, काही नाही. यादीतून तुम्हाला मीच काढलं, तुम्हाला असं कळू नये म्हणून, तेही सांगितलं.

पलीकडे सत्यभामाबाईंनी मोटर बंद केली.

“त्यानं सही केली?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“हाव.”

“तू बी?”

“हाव, आत्याबाई.” तो शब्द तोंडातून गेला आणि ती दचकली. “म्हणजे... आता तुमाले काय म्हणू, मले समजत नाही.”

“मी चार वर्सं गावाले खोटं सांगून राह्यली,” म्हातारी म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात संताप होता, चांगला कडक. “मले वाटे, तुमी ठरवलं की मले सांगसान. एका शब्दानं इचारलं का कोणी? कोर्टात गेले, आले, रस प्याले का जेवले, मले पत्ताच नाही. मी का मेली होती?”

“नाही,” संजीवनी म्हणाली. तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी चाललं होतं आणि ती पुसतही नव्हती. “मले भेव वाटे. कागद झाला की तुमचा फोन येनार नाही म्हणून. मले दुसरं कोणाचं काही नव्हतं वाटत. फक्त तुमचं.”

नीरजा उठून खिडकीपाशी गेली, तिलाही ऐकवेना.

“त्या कागदावर माही सही हाय का?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मले मागितली होती?”

“नाही.”

“मग तुमचं दोघाईचं सुटलं असन. माह्यं काही सुटलं नाही. आत्याबाई म्हण, नाहीतं नुसतं बाई म्हण, फोन मी करीनच.” त्यांनी नाक ओढलं. “आणि गावाले मी सांगीन. माह्या तोंडानं खोटं सांगितलं, माह्याच तोंडानं खरं सांगीन. सिंधीले बी मीच सांगते. तिनं आधी सांगितलं तं तिच्या पोटात दुखायचं थांबन, ते मले नको.”

संजीवनी रडता रडता हसली. मग तिनं रुखवताचं सांगितलं, घाबरत घाबरत. जज्जाचा नारळ, पाठमोरे नवरा-बायको. हे सत्यभामाबाईंच्या पोटच्या पोराच्या संसाराचं हसं होतं, तिला वाटलं म्हातारी आता खरंच फोन आपटणार.

“सुपारी किती भिजवली होती?” सत्यभामाबाईंनी विचारलं. “पाठ कोरता आली म्हणजे चांगली भिजली असन. पाठवजो. चष्मा लावून, एकटी पाहीन.”

फोन ठेवल्यावर संजीवनीनं चौकातल्या बोर्डासाठी लिहिलेले ते चारही परिच्छेद पुसून टाकले. पुढं कधी वाटलं तर बघू, आज जगाला सांगण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. मग तिनं हिरव्या गोलाची यादी उघडली, सत्यभामाबाईंचं नाव परत घातलं, दहा झाली, आणि स्टोरी टाकली. नीरजानं विचारलं, “सिंधूताई?” संजीवनी म्हणाली, “रुसू दे,” आणि चहा ठेवायला उठली.